सणासुदीच्या दुप्पट पॉइंटची योजना: पात्रता, कागदपत्रे, मुदत आणि पॉइंट वटवण्याची पद्धत

सणाच्या काळात ‘प्रत्येक खरेदीवर दुप्पट पॉइंट’ अशी घोषणा झाली की बहुतेक सदस्य खात्यात एकच मोठी रक्कम जमा होईल असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात ‘दुप्पट’ म्हणजे दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली नोंद नेहमीच्या मूळ पॉइंटची आणि दुसरी तेवढ्याच बोनस पॉइंटची. या दोन नोंदी बहुधा वेगवेगळ्या दिवशी जमा होतात आणि त्यांची मुदतही वेगवेगळ्या दिवशी संपते. एवढी एक बाब ध्यानात ठेवली, तर योजनेच्या अटी वाचताना होणारा बराचसा गोंधळ टळतो. म्हणून पुढील माहिती या दोन नोंदींच्या अनुषंगानेच दिली आहे.

पात्रता आणि नोंदणी

योजनेचा लाभ सामान्यतः अशाच सदस्याला मिळतो, ज्याचे सदस्यत्व खरेदीच्या वेळी चालू आहे आणि ज्याचा सदस्य क्रमांक किंवा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बिल होण्यापूर्वी सांगितला गेला आहे. बिल झाल्यावर सदस्यत्व घेतल्यास त्या बिलावर पॉइंट बहुधा मिळत नाहीत. अनेक योजनांमध्ये सदस्य असणेही पुरेसे नसते. ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर संबंधित ऑफर आधी सुरू करावी लागते, म्हणजे ‘ॲक्टिव्हेट’चे बटण दाबून आपला सहभाग नोंदवावा लागतो. हे बटण खरेदीनंतर दाबले, तर मूळ पॉइंट मिळतात, पण बोनस मिळत नाहीत. बोनस न मिळाल्याच्या तक्रारी आल्या की सर्वप्रथम हीच वेळ तपासली जाते. त्यामुळे बटण दाबल्यानंतर पडद्यावर येणाऱ्या पुष्टीचे, तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र जपून ठेवावे.

भेट कार्डांची खरेदी, घरपोच सेवेचे शुल्क आणि बिलाचा पॉइंट वापरून भागवलेला भाग यांवर बहुतेक ठिकाणी पॉइंट दिले जात नाहीत. बोनसला कमाल मर्यादाही असते. ती कुठे प्रत्येक बिलासाठी, तर कुठे योजनेच्या संपूर्ण कालावधीसाठी ठरलेली असते, हे आधीच पाहून घ्यावे.

कागदपत्रे

नेहमीच्या व्यवहारात वेगळी कागदपत्रे लागत नाहीत. नोंदणीकृत क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी पुरतो. पॉइंट जमा झाले नाहीत म्हणून दावा करायचा असेल, तर मात्र बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम स्पष्ट दिसणारी पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि सदस्य क्रमांक एवढे हाताशी असावे. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलला असेल किंवा मोठ्या मूल्याचे पॉइंट वटवायचे असतील, तर छायाचित्र असलेले ओळखपत्र मागितले जाऊ शकते. ओळखपत्रावरील नाव आणि सदस्यत्वावरील नाव तंतोतंत जुळत नसेल, तर ही दुरुस्ती योजना सुरू होण्याआधीच करून घेणे उत्तम, कारण नाव बदलण्यास लागणाऱ्या दिवसांत बोनसची मुदत थांबून राहत नाही.

मुदत कशी मोजतात

पुढील स्पष्टीकरणासाठी एक नमुना योजना धरू. रकमांपुढे चलन मुद्दाम लिहिलेले नाही. चलन कोणतेही असले तरी हिशेब तोच राहतो. दर 100 च्या खरेदीवर 1 मूळ पॉइंट मिळतो आणि सणाच्या काळात तेवढाच बोनस मिळतो. मूळ पॉइंट दुसऱ्या दिवशी जमा होतात आणि पुढील वर्षी त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत चालतात. बोनस खरेदीनंतर 15 दिवसांनी जमा होतो आणि जमा झाल्यापासून 60 दिवस चालतो.

एखाद्या सदस्याने 18 ऑक्टोबर रोजी 24,000 ची खरेदी केली. 19 ऑक्टोबरला 240 मूळ पॉइंट जमा झाले. बोनस लगेच न देण्यामागे कारण आहे. वस्तू परत करण्याची मुदत उलटेपर्यंत ती खरेदी पक्की मानली जात नाही. या सदस्याने 25 ऑक्टोबर रोजी 6,000 ची एक वस्तू परत केली. त्यामुळे 60 मूळ पॉइंट खात्यातून वजा झाले आणि 2 नोव्हेंबरला 240 ऐवजी 180 बोनस पॉइंट जमा झाले. खात्यात आता 180 मूळ आणि 180 बोनस, असे एकूण 360 पॉइंट आहेत.

या 180 बोनस पॉइंटचा शेवटचा दिवस कोणता? जमा झालेला दिवस पहिला धरला, तर 60 वा दिवस 31 डिसेंबर येतो. जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले, तर 1 जानेवारी येतो. ‘60 दिवसांची वैधता’ या शब्दांतून हे कळत नाही. म्हणूनच योजनेच्या जाहिरातीत आणि संदेशात दिवसांची संख्या न देता पूर्ण तारीख आणि वेळ द्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ‘तुमचे 180 बोनस पॉइंट 31 डिसेंबरच्या रात्री 11:59 पर्यंत वापरता येतील. उरलेले 180 पॉइंट पुढील वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत चालतील.’ ही दोन वाक्ये अटींच्या संपूर्ण परिच्छेदापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. ज्या सदस्याला असा संदेश मिळत नाही, त्याने खात्यातील एकूण शिल्लक पाहून थांबू नये. पॉइंटचा तपशील किंवा ‘मुदत संपणारे पॉइंट’ हे पान उघडून प्रत्येक नोंदीपुढची तारीख पाहावी.

मुदत ठेवण्यामागे हिशेबाचे कारणही आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस 15 नुसार, जे 2018 पासून लागू आहे, ग्राहकाला महत्त्वाचा हक्क देणारे पॉइंट हे विक्रेत्यावरचे न फेडलेले दायित्व ठरते, आणि विक्रीच्या रकमेचा त्यांच्या वाट्याचा भाग पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही. मुदत किती असावी, यावर काही ठिकाणी कायद्याचेही बंधन असते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने 2016 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्यात बदल करून, केवळ काळ उलटला या कारणाने पॉइंट रद्द करण्यास मनाई केली. आपल्याकडच्या योजनेत मुदत आहे की नाही, हे त्यामुळे दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवावरून ठरवू नये.

पॉइंट वटवताना

नमुना योजनेत 1 पॉइंटचे मूल्य 0.50 आहे, एका वेळी किमान 200 पॉइंट वटवावे लागतात, आणि बिलाच्या जास्तीत जास्त 20 टक्के रक्कम पॉइंटने भागवता येते. या तिन्ही अटी वेगवेगळ्या वाचल्या तर सोप्या वाटतात. अडचण त्या एकत्र लागू होतात तेव्हा येते.

समजा, सदस्य 400 चे बिल घेऊन आला. 20 टक्क्यांप्रमाणे त्याला 80 पर्यंतची रक्कम, म्हणजे 160 पॉइंट वापरता येतील. पण किमान अट 200 ची आहे. खात्यात 360 पॉइंट असूनही त्याला एकही पॉइंट वापरता येत नाही. 200 पॉइंटचे मूल्य 100 होते आणि 100 ही रक्कम 20 टक्के व्हायची असेल, तर बिल किमान 500 चे हवे. हा 500 चा आकडा नियमांत कोठेही लिहिलेला नसतो, तो सदस्याने स्वतः काढावा लागतो. जाहिरात लिहिणाऱ्याने तो काढून ‘किमान 500 चे बिल असल्यासच पॉइंट वापरता येतील’ असे सरळ लिहिले, तर काउंटरवरचा बहुतेक वाद उद्भवणारच नाही.

आता तोच सदस्य 20 डिसेंबरला 800 चे बिल करतो. 20 टक्के म्हणजे 160, त्यासाठी 320 पॉइंट लागतात, आणि ते त्याच्याकडे आहेत. यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आधी कोणते पॉइंट वजा होणार? ज्यांची मुदत लवकर संपते ते आधी, असा नियम असेल, तर 180 बोनस आणि 140 मूळ पॉइंट वजा होतील. उरलेले 40 मूळ पॉइंट पुढील ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतील आणि नव्या खरेदीतून भर पडत राहील. जे आधी जमा झाले ते आधी, असा नियम असेल, तर 180 मूळ आणि 140 बोनस वजा होतील. उरलेले 40 बोनस पॉइंट 31 डिसेंबरपर्यंतच चालतील. तोवर नवे पॉइंट जमा होऊन शिल्लक 200 वर गेली नाही, तर किमान अटीमुळे ते वापरता येणार नाहीत आणि रद्द होतील. खरेदी तीच, पॉइंट तेवढेच, आणि तरी दुसऱ्या नियमात सदस्याचे नुकसान होते. पहिला नियम सदस्याच्या हिताचा आहे आणि योजनेत तो नसेल, तर तसे स्पष्ट लिहिणे आयोजकांचे कर्तव्य आहे. सदस्याने पॉइंट वटवण्यापूर्वी काउंटरवर किंवा ग्राहक सेवेकडे हा एक प्रश्न आवर्जून विचारावा.

पॉइंट वापरून घेतलेली वस्तू परत केल्यास पॉइंट खात्यात परत येतात, पण अनेक योजनांमध्ये ते मूळ मुदतीसहच येतात. 20 डिसेंबरची वस्तू 3 जानेवारीला परत केली, तर 31 डिसेंबरला संपलेले बोनस पॉइंट परत येऊनही उपयोगाचे नसतात.

पॉइंट जमा न झाल्यास

मूळ पॉइंट दोन-तीन दिवसांत दिसले नाहीत किंवा जाहीर केलेल्या दिवसानंतर बोनस आला नाही, तर ॲपमधील ‘राहिलेले पॉइंट’ या अर्जात किंवा ग्राहक सेवेकडे दावा नोंदवावा आणि तक्रार क्रमांक घ्यावा. दाव्यालाही मुदत असते आणि ती सहसा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, बोनस जमा व्हायच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे बोनसची वाट पाहण्यातच दाव्याचे निम्मे दिवस निघून जाऊ शकतात. अर्जात केवळ ‘पॉइंट मिळाले नाहीत’ असे न लिहिता ‘18 ऑक्टोबरच्या बिलावर मूळ पॉइंट जमा झाले, बोनस झाला नाही, ऑफर खरेदीपूर्वी सुरू केली होती’ असे लिहावे आणि पुष्टीचे छायाचित्र जोडावे, म्हणजे तपासणाऱ्याला नेमकी कोणती नोंद शोधायची हे लगेच कळते.

‘तुमचे पॉइंट आज संपत आहेत’ अशा संदेशातील लिंक उघडू नये आणि तिच्याद्वारे कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. मुदतीची खात्री आपले अधिकृत ॲप स्वतः उघडून करावी. पॉइंट वटवण्याचा ओटीपी आपण सुरू केलेल्या व्यवहारासाठीच वापरावा. फोनवर तो मागणाऱ्याला, तो स्वतःला ग्राहक सेवेचा कर्मचारी म्हणवत असला तरी, सांगू नये.