रविवारचं मटण मंगळवारपर्यंत, खिमा मात्र सोमवारपर्यंतच: फ्रीजच्या हिशोबाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे फ्रीज घरोघरी येण्याआधी मटण सकाळी आणायचं आणि दुपारी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शिजवायचं, एवढाच हिशोब होता. 1958 साली गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली, पण तो सामान्य घरात पोचायला पुढची काही दशकं गेली. कच्चं मांस ‘ठेवता येतं’ ही कल्पना त्याच्याबरोबर आली.

दिवसांचे आकडे मात्र बाहेरून आले. अमेरिकेच्या कृषी विभागाचा दंडक असा: 4 अंश किंवा त्याखाली चिकन, मासे आणि खिमा 1 ते 2 दिवस, मटणाचे मोठे तुकडे 3 ते 5 दिवस. तिकडे जनावर कापल्यावर लगेच थंड करतात आणि दुकानापर्यंत थंडच ठेवतात. आपलं मटण दुकानात उघड्यावर टांगलेलं, घरी येतं तेव्हाही कोमटच. शिवाय रश्श्यासाठी त्याचे बारीक तुकडे करून घेतलेले. म्हणून आपल्याकडे तो पाच दिवसांचा आकडा धरू नये. दोन दिवस ठीक, तिसरा शेवटचा.

खिम्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. यंत्रातून निघताना तोच पृष्ठभाग आत मिसळतो, आणि यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचं अडकलेलं मांसही त्यात येतं. मासळीचं गणित वेगळं: तिच्यावरचे काही जंतू थंडीतही वाढतात, आणि बर्फात आलेली समुद्रातली मासळी दुकानात पोचेपर्यंतच काही दिवसांची झालेली असते. ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी शिजवावी.

मे महिन्यातला एक रविवार धरू. सकाळी 9 वाजता अर्धा किलो खिमा, एक किलो मटण आणि एक कोंबडी घेतली. बाहेर 32 अंशांच्या वर तापलं असेल, तर कच्चं मांस एका तासाच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. वाटेत भाजीला थांबायचं तर आधी भाजी घ्या. घरी आल्यावर धुऊ नका, ओलाव्याने ते लवकर चिकट होतं. झाकणाच्या पसरट डब्यात पातळ थर करून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. उंच डब्यात मधलं मांस तासन्‌तास कोमट राहतं. खिमा रविवारीच करावा, कोंबडी सोमवारी, मटण मंगळवारी.

मध्येच वीज गेली, तर दार न उघडता चार तास चालतं. त्यापुढे आतलं कच्चं मांस टाकून द्या. वासावर भरवसा नको: सडवणारे जंतू वास देतात, आजारी पाडणारे बहुधा देत नाहीत. फ्रीजच्या चकतीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, तेव्हा थंडावा खरंच पुरतो का हे पाहायला पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी पारा 4 च्या वर असेल, तर वरचे सगळे दिवस कमी धरायचे.