'मीट' की 'मीटिंग'? ईमेलच्या शेवटच्या ओळीतला 'टू'

ईमेलचा सगळा मजकूर नेटका असतो, तारीख-वेळ बरोबर असते, आणि 'रिगार्ड्स'च्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. कधी 'टू हिअर फ्रॉम यू'. नोकरीच्या अर्जांत ही ओळ हमखास दिसते, आणि मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांच्या पत्रांतही. प्रमाण इंग्रजीत तिथे 'टू मीटिंग यू', 'टू हिअरिंग फ्रॉम यू' असं लागतं. हे सांगितलं की एक ठरलेलं निदान ऐकू येतं: 'डोक्यात मराठी, कागदावर इंग्रजी, मग असंच होणार.' हे निदान मला अजिबात पटत नाही. मराठीचा नियम इथे इमानदारीने लावला असता तर ही चूक झालीच नसती.

खरा गोंधळ आहे तो 'टू'मध्ये. इंग्रजीत आज दोन 'टू' आहेत. दिसायला आणि ऐकायला अगदी सारखे, पण कामं वेगळी. पहिला 'टू' शब्दयोगी आहे: 'टू पुणे', 'टू द डॉक्टर'. त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखं काहीतरी यावं लागतं. दुसरा 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाआधी बसणारी नुसती खूण आहे: 'आय वाँट टू मीट यू'. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' पहिल्या जातीचा. आपण मात्र त्याला दुसऱ्या जातीचा समजून पुढे 'मीट' ठेवतो.

गंमत म्हणजे हे दोन्ही 'टू' मुळात एकच होते. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'भेटणे'साठी 'मेटन' असं क्रियापद होतं. त्याच्याआधी 'टू' आला की शेपूट बदलायचं आणि 'टू मेटेन्ने' व्हायचं. हे 'एन्ने' म्हणजे चतुर्थीचा प्रत्यय लागलेलं रूप, अर्थ 'भेटण्यासाठी'. म्हणजे त्या काळी 'टू' हा शब्दयोगीच होता आणि त्याच्यापुढचं क्रियापद रीतसर नामाचा वेष घालून यायचं. पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले शेवटचे प्रत्यय झिजत गेले. 'मेटेन्ने'चं नुसतं 'मीट' उरलं. वेष गळून पडला, 'टू' तिथेच राहिला, आणि क्रियापदाची खूण म्हणून त्याचं नवं आयुष्य सुरू झालं. स्थळ-दिशा दाखवणारा जुना 'टू' त्याच्या जागी चालूच होता. नामाचा वेष पुरवायचं काम तोवर 'इंग' या दुसऱ्याच प्रत्ययाकडे गेलं.

आता मराठीकडे बघू. 'तुम्हाला भेटण्याची वाट बघतो.' 'भेट' या धातूला आपण आधी 'णे' लावला, 'भेटणे' हे नाम झालं, त्याचं सामान्यरूप 'भेटण्या' झालं, आणि मग त्याला 'ची' लागला. धातूला थेट 'ची' लावणारा मराठी माणूस सापडणार नाही. पाचवीतलं पोरही 'मी खाची वाट बघतो' म्हणत नाही, 'खाण्याची' म्हणतं. विभक्ती लावायची असेल तर आधी क्रियापदाचं नाम करा, हा नियम आपल्या जिभेवर आहे. 'टू मीटिंग' मागणारं इंग्रजी नेमकं हेच मागतंय.

हे साम्य आणखी खोल आहे, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. 'तुम्हाला भेटण्याची' यातलं 'भेटण्या' बाहेरून नाम आहे, कारण त्याला 'ची' लागलाय. पण आतून ते क्रियापदच आहे, कारण 'कोणाला?' या प्रश्नाचं उत्तर, 'तुम्हाला', ते अजून बाळगून आहे. ते पुरतं नाम असतं तर 'तुमच्या भेटीची' असं म्हणावं लागलं असतं. इंग्रजी 'मीटिंग यू'ची रचना हुबेहूब अशीच आहे. डावीकडे बघितलं तर नाम, म्हणून 'टू' चालतो. उजवीकडे बघितलं तर क्रियापद, म्हणून 'यू' थेट लागतो. पुरतं नाम हवं असेल तर 'द मीटिंग विथ यू'. एकाच शब्दाने दोन दारांतून दोन वेगळ्या ओळखी सांगायच्या, ही युक्ती दोन्ही भाषांत तंतोतंत सारखी आहे.

मग चूक होते कशी? शाळेत 'टू ईट म्हणजे खाणे, टू गो म्हणजे जाणे' अशी जोडीने घोकंपट्टी होते. पुढे वाचनातही 'टू'नंतर क्रियापद आलं की ते बहुतेक वेळा मूळ रूपातच भेटतं. मेंदू सवयीने नियम बांधतो: 'टू'नंतर क्रियापद आलं तर नेहमी साधं. हा नियम इतक्या वेळा बरोबर ठरतो की तो मोडणाऱ्या थोड्या जागा नजरेतून निसटतात. शिकणाऱ्याने स्वतःच रचलेल्या अशा मधल्या व्याकरणाला भाषावैज्ञानिक लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये 'इंटरलँग्वेज' हे नाव दिलं, आणि त्यातली काही रूपं कायमची गोठून बसतात असंही मांडलं. ईमेलची शेवटची ओळ गोठायला फार सोयीची, कारण अर्थ पोचतो आणि कोणी परत पाठवत नाही. जर्मन माणसंही हीच चूक करतात. त्यांच्या भाषेत अशा जागी 'त्सू' आणि क्रियापदाचं मूळ रूपच येतं. स्पॅनिशमध्ये तर शब्दयोगीनंतर सरसकट मूळ रूप चालतं. म्हणजे मराठी माध्यमाला दोष देणं हा निव्वळ न्यूनगंड आहे, आणि '30 दिवसांत अस्खलित इंग्रजी' विकणारे क्लास त्यावरच पैसे कमावतात.

कुठला 'टू' कोणता, हे ओळखायला एक चाचणी आहे. पुढचं क्रियापद काढून तिथे 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' छान बसतं, म्हणजे शब्दयोगी, म्हणजे 'मीटिंग'. 'आय होप टू इट' बसत नाही, म्हणून 'आय होप टू मीट यू'. समजा शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: 'आय वुड बी हॅपी टू डिस्कस धिस. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' 'हॅपी टू इट' कानाला खटकतं, तेव्हा 'डिस्कस'ला हात लावू नका. 'फॉरवर्ड टू इट' चालतं, तेव्हा 'हिअर'चं 'हिअरिंग' करा. चाचणी न लावता नुसतं 'टू'नंतर 'इंग' लावायचं असं पाठ केलेली माणसं पुढे 'होप टू मीटिंग यू' लिहायला लागतात. एक चूक जाते आणि दुसरी येते.

ही चाचणी एका जागी फसते, तेही सांगायला हवं. 'आय अ‍ॅग्री टू इट' बरोबर आहे, आणि 'आय अ‍ॅग्री टू मीट यू' हेही बरोबरच आहे. 'अ‍ॅग्री'ला दोन्ही 'टू' चालतात, पण क्रियापद आलं की साधारणपणे साधं रूप येतं. असे शब्द थोडे आहेत आणि ते एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. काही शब्दांनी तर पक्षही बदललाय. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये यिर्मयाच्या पुस्तकात 'अकस्टम्ड टू डू ईव्हल' असं छापलेलं आहे. आजच्या भाषांतरांत त्याच ठिकाणी 'अकस्टम्ड टू डूइंग ईव्हल' असंही वाचायला मिळतं. तिथल्या 'टू'ची जात चारशे वर्षांत बदलली. 'लुक फॉरवर्ड टू'चं काय होईल सांगता येत नाही, पण आज अर्ज वाचणाऱ्याला तिथे 'मीटिंग'च अपेक्षित असतं.