हायड्रोजन अणूच्या ऊर्जापातळ्या, वर्णपटश्रेणी आणि तरंगलांबीची गणिते

हायड्रोजन अणूतल्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाटेल तेवढी असू शकत नाही. तिची काही ठरावीक मूल्येच संभवतात आणि त्यांना ऊर्जापातळ्या म्हणतात. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की दोहोंतल्या फरकाएवढी ऊर्जा घेऊन एक फोटॉन बाहेर पडतो. असंख्य अणूंमध्ये तीच उडी घडली की वर्णपटात त्या तरंगलांबीची रेषा उमटते. बारावीच्या भौतिकशास्त्रात यावरची गणिते एकाच सूत्रावर चालतात. ते सूत्र बहुतेकांना पाठ असते. गुण जातात ते सूत्रात कोणत्या पातळ्या घालायच्या हे ठरवताना.

नील्स बोर यांनी १९१३ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार n क्रमांकाच्या पातळीची ऊर्जा अशी येते :

Eₙ = −१३.६ / n² इलेक्ट्रॉनव्होल्ट

यावरून पहिल्या पाच पातळ्या −१३.६, −३.४, −१.५१, −०.८५ आणि −०.५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट अशा मिळतात. ऋण चिन्हाचा अर्थ इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाशी बांधलेला आहे एवढाच. ऊर्जा शून्यावर पोचली की तो सुटतो, म्हणजे अणूचे आयनीभवन होते. पहिल्या दोन पातळ्यांत १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे, तर दुसरीपासून थेट आयनीभवनापर्यंत ३.४ एवढेच उरते. वर जावे तशा पातळ्या दाटत जातात, हे चित्र डोळ्यासमोर असले की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आकडेमोडीआधीच कळतात.

बोर यांच्या आधी अठ्ठावीस वर्षे रेषांचे गणित जमले होते, ते मात्र निव्वळ आकड्यांच्या निरीक्षणातून. १८८५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे मुलींच्या शाळेत शिकवणारे योहान बामर यांनी हायड्रोजनच्या चार दृश्य रेषांच्या मोजलेल्या तरंगलांब्या घेतल्या. ३६४५.६ अँगस्ट्रॉम या संख्येला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनी गुणले की त्या चारही मिळतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग ४/३ चे १६/१२ आणि ९/८ चे ३६/३२ केल्यावर अंशात ३, ४, ५, ६ यांचे वर्ग आले आणि छेदात त्याच वर्गांतून ४ वजा केलेले दिसले. हा ४ म्हणजे २ चा वर्ग. बोर यांच्या भाषेत सांगायचे तर या चारही उड्या दुसऱ्या पातळीवर येऊन थांबतात. पुढे योहानेस रिडबर्ग यांनी १८८८ च्या सुमारास तरंगलांबीऐवजी तिचा व्यस्तांक घेऊन सूत्राला आजचे रूप दिले :

१/λ = R (१/n² − १/m²)

इथे n ही खालची, m ही वरची पातळी आणि R म्हणजे रिडबर्ग स्थिरांक, १.०९७ × १०⁷ प्रति मीटर. इलेक्ट्रॉन कुठे येऊन थांबतो यावरून श्रेणीचे नाव ठरते : पहिल्या पातळीवर लायमन, दुसऱ्यावर बामर, तिसऱ्यावर पाश्चेन, चौथ्यावर ब्रॅकेट आणि पाचव्यावर फंड. लायमन श्रेणी पूर्ण अतिनील आहे. बामर श्रेणीच्या पहिल्या चार रेषा दृश्य भागात ठळक दिसतात, बाकीच्या जांभळ्या टोकाकडून अतिनीलात सरकतात. उरलेल्या तिन्ही श्रेणी अवरक्त भागात येतात.

हाताने आकडेमोड करायची असेल तर R चा व्यस्तांक लक्षात ठेवणे सोयीचे पडते. तो ९१.१६ नॅनोमीटर आहे. मग सूत्र असे होते :

λ = ९१.१६ × n²m² / (m² − n²) नॅनोमीटर

n = २ आणि m = ३ घातले की ९१.१६ × ३६/५, म्हणजे सुमारे ६५६.३ नॅनोमीटर मिळतात. हीच बामर श्रेणीची लाल रेषा. दहाचे घात कुठेच येत नसल्याने दशांशचिन्ह सरकण्याची भीतीही राहत नाही.

प्रश्नाच्या शब्दांत m लपलेला असतो. ‘पहिली रेषा’ किंवा ‘सर्वांत मोठी तरंगलांबी’ म्हटले की सर्वांत लहान उडी घ्यायची, म्हणजे m = n + १. ‘श्रेणीची मर्यादा’, ‘शेवटची रेषा’ किंवा ‘सर्वांत लहान तरंगलांबी’ म्हटले की m अनंत धरायचा; मग १/m² गळून पडते आणि λ = n²/R उरते. मोठी ऊर्जा म्हणजे लहान तरंगलांबी, हा उलटा संबंध घाईत विसरला जातो आणि दोन्ही टोकांची अदलाबदल होते. गुणोत्तराच्या प्रश्नात तर R ची किंमतही लागत नाही. लायमन आणि बामर यांच्या पहिल्या रेषांच्या तरंगलांब्या ४/३ आणि ३६/५ यांच्या प्रमाणात असतात, म्हणून गुणोत्तर ५ : २७ येते. लायमनची मर्यादा ९१२ अँगस्ट्रॉम दिली असेल तर बामरची मर्यादा त्याच्या चौपट, ३६४८ अँगस्ट्रॉम.

विद्यार्थ्याची समज खरी पारखतो तो माऱ्याचा प्रश्न. समजा, मूळ अवस्थेतल्या हायड्रोजनवर १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा केला. कोणत्या तरंगलांब्या बाहेर पडतील? नेहमीची वाट अशी असते : −१३.६ मध्ये १२.६ मिळवायचे, −१.० मिळतात, म्हणून n² = १३.६ आणि n = ३.६९. इथे बरेच जण जवळचा पूर्णांक म्हणून ४ लिहितात आणि पुढचे सगळे उत्तर चुकते. चौथ्या पातळीपर्यंत पोचायला १३.६ × १५/१६, म्हणजे १२.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि तेवढी ऊर्जा येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे नाहीच. तिसऱ्या पातळीला १२.०९ पुरतात. म्हणून n नेहमी खालच्या पूर्णांकावर आणायचा, अपूर्णांक कितीही मोठा असला तरी. उरलेली ०.५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडेच गतिज ऊर्जा म्हणून राहते.

आता तिसऱ्या पातळीवरून परतण्याच्या वाटा पाहायच्या. इलेक्ट्रॉन थेट पहिल्या पातळीवर आला तर ९१.१६ × ९/८, म्हणजे १०२.६ नॅनोमीटर. दुसऱ्या पातळीवर थांबून आला तर आधी ६५६.३ आणि मग ९१.१६ × ४/३, म्हणजे १२१.५ नॅनोमीटर. एकूण तीन रेषा, दोन लायमनच्या आणि एक बामरची. पडताळा ऊर्जेवरून घेता येतो : १.८९ आणि १०.२ यांची बेरीज १२.०९ आली पाहिजे आणि ती येते. एकच अणू मात्र एका परतीत या तीनही रेषा देत नाही. तो एक तरी फोटॉन सोडतो, नाहीतर दोन. तीन रेषा दिसतात त्या वायूत असंख्य अणू वेगवेगळ्या वाटांनी परततात म्हणून. वरच्या पातळीचा क्रमांक n धरल्यावर येणारे n(n − १)/२ हे रेषांच्या संख्येचे सूत्रही अशा समूहालाच लागू पडते.

याच प्रश्नात ‘इलेक्ट्रॉन’ऐवजी ‘फोटॉन’ हा शब्द आला की उत्तर पार बदलते. इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेतला हवा तेवढा भाग देऊन उरलेली घेऊन पुढे जाऊ शकतो. शोषला जाणारा फोटॉन मात्र सगळाच्या सगळा शोषला जातो. १२.६ ही कोणत्याच दोन पातळ्यांमधली नेमकी ऊर्जा नसल्याने असा फोटॉन मूळ अवस्थेतल्या अणूंमधून न शोषता निघून जातो आणि एकही रेषा मिळत नाही. अशा गणितात एक गृहीत न सांगता धरलेले असते, तेही नोंदवायला हवे : साध्या तापमानाचा हायड्रोजन अणुरूप नसून रेणुरूप असतो. प्रयोगशाळेतल्या विसर्जन नळीत विजेच्या माऱ्याने आधी रेणू फुटतात आणि मग या रेषा दिसतात. न फुटलेल्या रेणूंच्या बारीक रेषांची गर्दीही सोबत असतेच.

तरंगलांबी काढायचा दुसरा मार्ग म्हणजे पातळ्यांच्या ऊर्जांची वजाबाकी करून λ = १२४० / ΔE नॅनोमीटर वापरणे. लायमन आणि बामर यांना तो छान चालतो. वरच्या श्रेणींत मात्र दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी होते आणि आधी केलेले पूर्णांकन अंगावर येते. ब्रॅकेटच्या पहिल्या रेषेसाठी ०.८५ मधून ०.५४ वजा केले तर ०.३१ आणि त्यावरून ४००० नॅनोमीटर मिळतात, तर रिडबर्ग सूत्र ४०५२ देते. पर्यायांमध्ये दोन्ही आकडे असतील तर फसगत ठरलेली. म्हणून n तीन किंवा जास्त असेल तेव्हा अपूर्णांकांतूनच जावे.

उत्तर कोणत्या श्रेणीत बसते हे ताडून पाहणे सोपे आहे. लायमन ९१ ते १२२ नॅनोमीटरमध्ये, बामर ३६५ ते ६५६ मध्ये आणि पाश्चेन ८२० ते १८७५ मध्ये पसरते. बामरची रेषा २०० नॅनोमीटर आली तर कुठेतरी वर्ग करायचा राहिला आहे किंवा n आणि m चुकले आहेत. ब्रॅकेट श्रेणी १४५९ पासून सुरू होत असल्याने ती पाश्चेनमध्ये घुसते, त्यामुळे १६०० च्या आसपासची नुसती तरंगलांबी पाहून श्रेणी सांगता येत नाही. पहिल्या तीन श्रेणींची अशी सरमिसळ होत नाही.

परीक्षेतली ६५६.३ ही किंमत प्रत्यक्ष मोजमापाशी इतकी जुळते यात थोडा योगायोगही आहे. अणुकेंद्रक अचल मानले तर R १.०९७३७ × १०⁷ येतो आणि लाल रेषा ६५६.११ वर पडते. प्रत्यक्षात प्रोटॉनही किंचित हलतो. तेवढी दुरुस्ती केली की निर्वातातली तरंगलांबी ६५६.४७ होते, आणि हवेत मोजली तर ६५६.२८. प्रोटॉनच्या या हालचालीचा परिणाम अगदीच किरकोळ वाटेल, पण केंद्रक दुप्पट जड असेल तर हीच रेषा सुमारे ०.१८ नॅनोमीटरने लहान तरंगलांबीकडे सरकते. १९३१ साली हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामर रेषांच्या शेजारी, हिशेबाने सांगितलेल्या जागी अशाच फिकट रेषा शोधल्या आणि जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, सापडला.