वरणभात आणि ग्लायसेमिक इंडेक्स

नियमित व्यायाम सुरू केलेल्या माणसाच्या ताटातून सर्वात आधी जर काही हद्दपार होत असेल, तर तो पांढरा भात. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त आहे, एवढे कारण त्यासाठी पुरते. पण हा आकडा नेमका काय मोजतो, हे पाहिल्यावर निरोगी माणसाच्या बाबतीत त्याचे महत्त्व बरेच कमी होते.

1981 साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजपट्टी मांडली, ती प्रामुख्याने मधुमेहींना पदार्थ निवडता यावेत म्हणून. रात्रभर उपाशी असलेल्या व्यक्तीला 50 ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील इतका एकच पदार्थ द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातील साखर ठरावीक अंतराने मोजायची आणि तिच्या चढउताराचा आलेख शुद्ध ग्लुकोजच्या आलेखाशी ताडून पाहायचा. ग्लुकोजला 100 मानले जाते. म्हणजे हा आकडा उपाशीपोटी खाल्लेल्या कोरड्या भाताचा असतो, आणि तसा भात आपल्याकडे कोणी जेवत नाही. त्यावर वरण आणि तूप पडले, शेजारी भाजी आली की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि साखरेचा चढही सौम्य होतो. शिवाय तोच पांढरा पाव त्याच माणसाला वेगवेगळ्या दिवशी दिला तरी उत्तर बरेच वेगळे येते, त्यामुळे 55 आणि 62 या आकड्यांमधल्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

ग्लायसेमिक इंडेक्स कमी असणे म्हणजे पदार्थ हलका असणे, हा यातला सर्वात महाग पडणारा गैरसमज. भाजलेल्या शेंगदाण्यांचा इंडेक्स फारच कमी असतो, कारण त्यांत कर्बोदकेच थोडी असतात आणि चरबी भरपूर. रात्रीचा 180 ग्रॅम शिजलेला भात सोडून कोणी 80 ग्रॅम शेंगदाणे खाल्ले, तर सुमारे 235 कॅलरींच्या जागी साधारण 450 कॅलरी पोटात जातात. शेंगदाणे वाईट आहेत असे नव्हे, त्यांतून वीसेक ग्रॅम प्रथिनेही मिळतात. पण ‘साखर वाढत नाही’ म्हणून ते न मोजता खाणाऱ्याचे वजन वाढले, तर दोष भाताला देता येणार नाही.

आता 65 किलो वजनाच्या, आठवड्यातून चार दिवस वजने उचलणाऱ्या एका काल्पनिक शाकाहारी तरुणाचे ताट पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण, रात्री वरणभात आणि एक पेला दूध, एवढ्यातून त्याला साधारण 45 ते 50 ग्रॅम प्रथिने मिळतात. स्नायूंच्या वाढीसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने धरली, तर गरज 104 ग्रॅमची आहे. या तरुणाने पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ आणला, तर दोन-अडीच ग्रॅम तंतू वाढतात आणि प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. त्याऐवजी भात तसाच ठेवून दुपारी 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि रात्री 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्या घेतल्या, तर पस्तीसेक ग्रॅम प्रथिने वाढतात, आणि मटकीतूनच सात-आठ ग्रॅम तंतूही येतात. उरलेली तूट दह्या-पनीरने भरता येते. अर्थात या भरीने कॅलरीही वाढतात, म्हणून ज्याला वजन स्थिर ठेवायचे आहे त्याने एखादी पोळी किंवा वरचे तेल कमी करावे. आठवड्यातून तीनचार सकाळी उपाशीपोटी केलेल्या वजनाची सरासरी तीन आठवडे पाहिली, की हिशेब कुठे चुकतो आहे ते कळते. ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यावरून ते कळत नाही.

व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेतात, आणि व्यायामानंतर काही तास इन्सुलिनलाही अधिक चांगला प्रतिसाद देतात. ओढून घेतलेली साखर ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजच्या, रिकाम्या झालेल्या साठ्यात जाते. निरोगी शरीरात जेवणानंतर साखर थोडी वर जाऊन दोनतीन तासांत खाली येते, हे सामान्यच आहे.

इंडेक्सच्या बाजूचा पुरावाही वाटतो तितका भक्कम नाही. 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘ओम्निकार्ब’ चाचणीत 163 जादा वजनाच्या प्रौढांना पाच-पाच आठवडे तयार जेवण पुरवले गेले. एकूण कॅलरी सारख्या ठेवून इंडेक्स कमी केला, तरी इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली नाही. ही माणसे खेळाडू नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. पण ज्यांना फायदा दिसण्याची शक्यता अधिक होती, त्यांच्यातही तो दिसला नाही.

मधुमेह, पूर्वमधुमेह किंवा गरोदरपणातील मधुमेह असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, आणि तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने कर्बोदकांचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही सांभाळावे लागतात. खेळाडूंमध्ये इंडेक्सकडे पाहण्यासारखा एक प्रसंग म्हणजे सकाळी लांब धाव आणि त्याच दुपारी पुन्हा सराव असणे. मधल्या चारसहा तासांत ग्लायकोजेन लवकर भरून यायला हवे असते, आणि त्या वेळी जास्त इंडेक्सचा मऊ पांढरा भातच अधिक उपयोगी ठरतो.