कटाची पट्टी आणि प्रेक्षकाची पट्टी: पार्श्वभूमी

व्हिडिओतल्या कटांचा वेग आणि प्रेक्षक टिकून राहणं यांचा संबंध तपासायचा, तर दोन्ही मोजायच्या पट्ट्या हव्यात. कटाची पट्टी जुनी आहे. सिनेमाचे अभ्यासक बॅरी सॉल्ट यांनी 1974 मध्ये 'फिल्म क्वार्टर्ली'त सिनेमाच्या शैलीची आकडेवारी मांडली. त्यातलं सरासरी शॉट-लांबीचं माप सोपं आहे: एकूण वेळ भागिले शॉटची संख्या. शॉट म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा. 2005 मध्ये युरी त्सिव्यान यांनी 'सिनेमेट्रिक्स' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे सिनेमा बघता बघता प्रत्येक कटला बटण दाबायचं.

या सरासरीत एक खोट आहे. मिनिटभरात दोन-दोन सेकंदांचे नऊ शॉट आणि 42 सेकंदांचा एक असेल, तर सरासरी 6 सेकंद येते. सहा सेकंदांचा शॉट मात्र त्यात एकही नाही. मध्यक 2 येतो आणि संकलनाचा खरा वेग तोच सांगतो.

बटण दाबण्याचं काम आता संगणक करतो. पायसीनडिटेक्ट या सॉफ्टवेअरची `detect-content` पद्धत लागोपाठच्या फ्रेममधला रंगछटा, संपृक्तता आणि उजेड यांतला फरक मोजते आणि तो 27 च्या वर गेला की कट धरते. नावात 'सीन' असला तरी सापडतो तो शॉट. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की खोटा कट नोंदवला जाऊ शकतो. उलट एकाच चौकटीत बोलणाऱ्या माणसाचा मधला तुकडा काढून केलेला जम्प कट निसटतो, कारण मागची भिंत तीच असते. कॅमेरा वेगाने फिरतो तिथे शेजारच्या फ्रेमच्या सरासरीशी तुलना करणारी पद्धत बरी पडते:

```
scenedetect -i video.mp4 detect-adaptive list-scenes
```

यादी आली की दोन-तीन मिनिटांचा तुकडा डोळ्यांनी तपासावाच. जम्प कट निसटत असतील, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

प्रेक्षकाची पट्टी वेगळ्या वाटेने आली. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं आणि रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणी किती टक्के प्रेक्षक टिकून आहेत याचा, आलेख संकलकाच्या रोजच्या कामात शिरला. यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्स एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने आकडे मागवायच्या सोयीतून, तो 100 बिंदूंमध्ये मिळतो. व्हिडिओ दहा मिनिटांचा असेल तर एक बिंदू 6 सेकंदांचा, आणि तेवढ्यात दोन सेकंदांचे तीन शॉट बसतात. म्हणून अमुक कटवर माणूस गेला, असं या आलेखावरून म्हणताच येत नाही. प्रत्येक 6 सेकंदांच्या खिडकीत किती कट पडले ते मोजायचं आणि त्या खिडकीत रिटेन्शन आधीच्या बिंदूच्या किती टक्क्यांवर आलं ते शेजारी मांडायचं. 50 वरून 48 वर आलं, तर 96 टक्के. माणूस कंटाळून उठायला थोडा वेळ घेतो, म्हणून एक खिडकी पुढे सरकवूनही पाहावं. मागे जाऊन पुन्हा पाहिलेला भाग आलेख वर चढवतो. तिथली वाढ वेगाच्या खात्यावर टाकू नये.

पहिल्या अर्ध्या मिनिटाचं काय, हा सर्वांत अवघड भाग. तिथे गळती मोठी असते आणि कटही बहुधा दाट असतात. तो भाग हिशोबात ठेवला, तर जलद कट प्रेक्षक घालवतात असा उलटाच निष्कर्ष निघतो. तो वेगळा काढावा. शिवाय कंटाळवाणा वाटणारा मजकूर संकलक मुद्दाम तोडून जलद करतो, त्यामुळे कटांची दाटी आणि मजकुराचा दुबळेपणा एकाच जागी सापडतात. यांना वेगळं करायचं तर मजकूर तोच ठेवून दोन वेगांच्या आवृत्त्या प्रेक्षकांच्या दोन गटांना दाखवाव्या लागतात.