दोन पेग म्हणजे नक्की किती?

दारूतल्या कॅलरी आणि पोटाचा घेर यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिल्या भेटीला येताना आम्ही आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगतो. लोक मनापासून लिहितात. चहातली साखर, पोह्यांवरची शेव, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केकचा तुकडा, सगळं असतं. आणि शुक्रवारच्या रात्रीसमोर एवढंच असतं: ‘२ पेग’. सोबत काय खाल्लं, ग्लासात काय ओतलं, पेग केवढा होता, यातलं काहीच नाही. यात लपवाछपवी नसते. दारू ही खाण्यात धरायची असते, हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे पत्रक घेणाऱ्यांसाठी आहे. जे घेत नाहीत, त्यांनी यातलं काही वाचून सुरुवात करू नये. दारूचं कोणतंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. इथे आपण फक्त वजन आणि ढेरी एवढ्यापुरतं बोलू.

घरचा पेग मोजून पाहिला तेव्हा

सिंहगड रोडला राहणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. वय ४४, वजन ८४ किलो. सहा महिने त्यांनी भात सोडला होता, पोळ्या चारवरून दोनवर आणल्या होत्या, आठवड्यातून सहा दिवस पहाटे तळजाईवर पाऊण तास चालत होते. वजन जागचं हललं नव्हतं. कमरेचा घेर उलट ९६ सेंटिमीटरवरून ९९ वर गेला होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, एवढं करूनही यांची पँट घट्टच होतेय. थायरॉइड तपासून घेऊ का?” थायरॉइड त्यांनी आधीच तपासलं होतं, व्यवस्थित होतं.

बुधवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस ते घरी ‘दोन पेग’ घेत. आम्ही त्यांना घरचा ग्लास आणायला सांगितला. व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून दिलं आणि म्हटलं, रोज भरता तसा पेग भरा. त्यांनी सवयीने दोन बोटं भरली. ते पाणी आम्ही मोजपात्रात ओतलं, ८० मिली निघालं. दुसरा पेग ८५ मिली. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, “जेवायला बसायच्या आधी थोडीशी अजून असते.” ती ३० मिली.

म्हणजे त्यांचे दोन पेग १९५ मिलीचे होते. बारमध्ये लहान पेग ३० मिलीचा असतो, त्या मापाने साडेसहा पेग. क्वार्टर १८० मिलीची असते, तीही मागे पडली. तळाशी रुंद असलेल्या ग्लासात दोन बोटांत किती मावतं, हे डोळ्यांना कळत नाही. बर्फ आधी टाकला तर अंदाज आणखी चुकतो.

आता हिशेब. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, आणि ३० मिलीत ७० कॅलरी. १९५ मिलीच्या झाल्या सुमारे ४५५. ते कोला घालून घेत. तीन ग्लासांत मिळून ४५० मिली कोला, त्याच्या जवळपास १९० कॅलरी. साखर दहा चमच्यांच्या वर. समोर एक वाटी खारे शेंगदाणे, ६० ग्रॅम धरले तरी ३४० कॅलरी. मध्ये मध्ये मूठभर फरसाण, त्याच्या २२०. बेरीज १२०० च्या थोडी पुढे गेली, आणि जेवण अजून व्हायचं होतं.

तळजाईवरच्या पाऊण तासाच्या चालण्यात त्यांच्या जेमतेम २०० कॅलरी जास्तीच्या खर्च होत होत्या. सहा दिवसांच्या १२००. आठवडाभर चालून जे कमावलं, ते बुधवारी रात्रीच संपत होतं. शुक्रवार आणि शनिवार वर राहत होते.

जेवण पोटावर का जातं

अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. साखरेच्या आणि पिठाच्या ग्रॅममध्ये ४, तेला-तुपाच्या ग्रॅममध्ये ९. म्हणजे दारू ही साखरेपेक्षा तेलाच्या जवळची आहे. पण तिची खरी गंमत निराळी आहे. तेल, साखर शरीराला साठवून ठेवता येतात, अल्कोहोल ठेवता येत नाही. ते शरीराच्या दृष्टीने विष आहे. म्हणून यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तेच जाळतं, आणि तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मंदावतं.

हा वेळ थोडाथोडका नसतो. यकृत ताशी साधारण एक लहान पेग निपटतं. माणसागणिक थोडं कमी-जास्त. नऊ वाजता सुरू करून साडेसहा पेग झाले, तर पहाटे तीन-साडेतीनपर्यंत हेच चालू राहतं. त्या वेळात जेवणातली तर्री, तळलेला पापलेट, शेंगदाण्यांतलं तेल यांचं काय करायचं? जाळायला सवड नाही, मग ते साठवणीत जातं. दारूची स्वतःची चरबी फार थोडी होते. दारू दुसऱ्याची चरबी वाचवते, असं म्हटलं तर बरोबर होईल.

आणि ती पोटावरच का? पुरुषांच्या शरीराचा कलच पोटात चरबी साठवण्याकडे असतो. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचाही तसाच होतो. कातडीखालची चरबी चिमटीत येते. आतड्यांभोवती साठणारी येत नाही, ती ढेरीला आतून ताणते, म्हणून काहींचं पोट मोठं असूनही टणक लागतं. हीच चरबी यकृतावर चढते आणि मधुमेहाकडे नेते. बिअर सोडून व्हिस्कीवर गेलो की ढेरी उतरेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. बिअरमध्ये पोट वाढवणारं असं वेगळं काही नाही. एका बैठकीत ती फार मिली जाते, एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. क्वचित, थोडी घेणाऱ्या सगळ्यांचंच वजन वाढतं असं दिसत नाही. एका बैठकीत भरपूर घेणाऱ्यांमध्ये आणि रोजच्या रोज जास्त घेणाऱ्यांमध्ये हे ठळकपणे दिसतं.

बिअर, वाइन आणि ग्लासात ओतायचं पेय

बाटलीवर कॅलरी बहुधा छापलेल्या नसतात, पण अल्कोहोलची टक्केवारी असते. तेवढ्यावर हिशेब करता येतो. किती मिली घेतलं त्याला टक्केवारीने गुणा, शंभराने भागा आणि आलेल्या आकड्याला साडेपाचने गुणा. ६५० मिलीच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरच्या बाटलीत अल्कोहोलच्याच सुमारे २८५ कॅलरी निघतात. धान्यातून उरलेल्या साखर-पिठाच्या ऐंशी-शंभर वर धरा. पाच टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत सगळं मिळून २६० च्या आसपास. क्राफ्ट बिअर घेत असाल तर मेन्यूवरची टक्केवारी बघा, रंग बघू नका; काळी बिअर जड आणि फिकी हलकी असं काही नसतं.

कोरड्या चवीच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास १२० कॅलरींचा असतो. घरी आपण वाइन काठोकाठ ओततो, तो ग्लास सहज २५० मिलीचा होतो. गोड पोर्टसारख्या वाइनमध्ये साखर वेगळी.

व्होडका पाण्यासारखी दिसते म्हणून ती हलकी, असं पुष्कळजण सांगतात. तीत कॅलरी रमइतक्याच आहेत.

सोड्यात कॅलरी नाहीत. टॉनिक वॉटर मात्र सोडा नव्हे. नेहमीच्या टॉनिकच्या २०० मिलीत तीन-चार चमचे साखर असते, फक्त कडवटपणामुळे ती जिभेला कळत नाही. पाकिटातला ज्यूस कोल्याच्याच पंगतीतला. डाएट कोल्यात कॅलरी नसतात हे खरं, पण त्याच्याबरोबर घेतलेली दारू रक्तात लवकर चढते, तेव्हा गाडी चालवण्याच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पेग घेतला असेल तर गाडी चालवूच नका.

त्या गृहस्थांनी काय बदललं

घेणं बंद करा, असं आम्ही म्हटलं असतं तर ते पुन्हा आले नसते, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी ३० मिलीचं स्टीलचं माप आणलं. बुधवार बंद केला. उरलेल्या दोन दिवशी आठ वाजता आधी जेवण, मग मोजून दोन लहान पेग सोडा-पाण्यात. समोर काकडी, कांदा-टोमॅटो आणि अर्धी वाटी उकडलेल्या शेंगा. जेवण आधी ठेवल्याचा फायदा सगळ्यात मोठा झाला. रिकाम्या पोटी घेतलं की भूक खवळते आणि हातही सैल सुटतो, चखण्याची वाटी कधी संपली ते कळत नाही.

आठवड्याला तीन हजारांवर कॅलरी वाचल्या. कागदावर बारा आठवड्यांत साडेचार किलोच्या पुढे उतरायला हवं होतं. प्रत्यक्षात तीन उतरलं, घेर ९९ वरून ९५ झाला. असा फरक पडतोच. वजन उतरलं की शरीराचा खर्चही घटतो, आणि वाचलेल्यातलं थोडं आपण नकळत दुसरीकडून खातो. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत घेर असावा, म्हणून त्यांचं काम अजून चालू आहे. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, पँट नेसतो तिथे नाही, आणि श्वास सोडून मोजा.

आमच्याकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे

हातपाय बारीक होत चाललेत आणि पोट मात्र फुगतंय, पायांवर सूज आहे, डोळे पिवळे दिसतात, तर ती चरबी नसून पोटात पाणी साठलेलं असू शकतं. एक दिवसही वाट पाहू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना घेतल्यास रात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाते, हे डॉक्टरांशी बोला. आणि सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील तर एकदम बंद करू नका. अशा वेळी अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. पुण्यात त्यासाठी मुक्तांगण १९८६ पासून आहे.

पहिल्या भेटीला येताना रोज वापरता तो ग्लास पिशवीत घालून आणा. मोजपात्र आमच्याकडे आहे. घरून कुणी सोबत आलं तर चखण्याची वाटी केवढी असते, तेही विचारता येईल.