तिसरं पान कोण मागतं?

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीला पत्त्यांचा डाव बसतो. मेंढीकोट असो की रमी, कोणतं पान टाकायचं आणि कोणतं धरून ठेवायचं याचा विचार करावाच लागतो. त्यामुळे माझा भाचा गोव्याच्या कॅसिनोत बॅकरॅट हा पत्त्यांचा जुगार पाहून आला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच केला: "मामा, तिथे पैसे लावल्यावर कोणी काही करतच नाही. मग तिसरं पान घ्यायचं की नाही, हे ठरवतं कोण?"

ते ठरवतो नियम. टेबलावर 'प्लेयर' आणि 'बँकर' अशा दोन बाजू असतात. ती नुसती नावं आहेत, कुणीही कोणत्याही बाजूवर पैसे लावू शकतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं मिळतात. एक्क्याचा 1, दुर्री ते नव्वी जितक्यास तितके, दश्शी आणि चित्रांचे शून्य. बेरजेतला फक्त एककाचा अंक धरायचा, म्हणजे सत्ती आणि अठ्ठी मिळून 15 नव्हे, 5. ज्याचा अंक 9 च्या जवळ, तो जिंकला.

पहिल्या दोन पानांतच कुणाचे 8 किंवा 9 झाले, तर डाव तिथेच संपतो. नाहीतर आधी प्लेयरची पाळी: 0 ते 5 असेल तर तिसरं पान घ्यायचंच, 6 किंवा 7 असेल तर थांबायचं. प्लेयर थांबला, तर बँकरही याच नियमाने चालतो. प्लेयरने पान घेतलं, तर बँकर ते पान पाहतो. बँकरचे 0, 1 किंवा 2 असतील तर तो घेतोच आणि 7 असतील तर थांबतो. 4 असतील तर प्लेयरचं तिसरं पान दुर्री ते सत्ती असलं तरच घेतो, 5 असतील तर चौकी ते सत्ती, 6 असतील तर फक्त छक्की किंवा सत्ती. राहिले 3. तेव्हा बँकर प्रत्येक वेळी पान घेतो, फक्त प्लेयरचं तिसरं पान अठ्ठी असेल तर घेत नाही.

अठ्ठीनेच काय बिघडवलं? गणित करून पाहू. प्लेयरने पान घेतलं म्हणजे त्याचे आधी 0 ते 5 होते. चित्रं आणि दश्शी जास्त असल्यामुळे 0 इतरांपेक्षा जास्त वेळा येतो. पुष्कळ कॅट एकत्र पिसले आहेत असं धरलं, तर अशा 105 डावांत 0 साधारण 25 वेळा आणि 1 ते 5 प्रत्येकी 16 वेळा येतात. त्यांत आठ मिळवले की त्याचे अनुक्रमे 8, 9, 0, 1, 2 आणि 3 होतात. बँकर 3 वर थांबला, तर 0, 1 आणि 2 ला हरवतो, म्हणजे 48 विजय. 8 आणि 9 पुढे हरतो, म्हणजे 41 पराभव. उरलेले 16 डाव बरोबरीत. निव्वळ फायदा 7. पान घेतलं, तर सगळ्या शक्यता जमेस धरून निव्वळ फायदा सुमारे 6.6 भरतो. फरक एवढासाच, पण थांबणं सरस.

अठ्ठीऐवजी नव्वी आली असती तर? थांबल्यास फायदा पुन्हा 7 च, पण पान घेतल्यास सुमारे 15. म्हणून तिथे घ्यायचं. नियमांचा हा विचित्र दिसणारा तक्ता असा एकेका घराचं उत्तर काढून भरता येतो.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आज टेबलावर सगळी पानं उघडी असतात. प्लेयरची पूर्ण बेरीज समोर दिसत असताना बँकरचा नियम फक्त त्याच्या तिसऱ्या पानाकडे पाहतो! कारण हा नियम 'शमँ द फेर' या जुन्या फ्रेंच खेळातला आहे. तिथे प्लेयरची पहिली दोन पानं झाकलेली असत आणि दिसे ते फक्त तिसरं. त्या खेळात निर्णय खरे होते. प्लेयरने 5 वर पान घ्यावं की नाही, यावर फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्राँ यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहिलं होतं. 1957 मध्ये केमेनी आणि स्नेल या गणितींनी उत्तर काढलं: 5 असताना 11 पैकी सरासरी 9 वेळा घ्यावं, आणि कधी घेणार हे प्रतिस्पर्ध्याला कळू देऊ नये. कॅसिनोने 5 वर 'घ्यायचंच' असं ठरवून टाकलं आणि ही लपवाछपवी संपली. आता बँकरला अंदाज करायला काही उरलं नाही, म्हणून तक्ता छापता आला.

पाळी नंतर आल्याचा फायदा बँकरला मिळतो. आठ कॅटच्या खेळात बँकर 45.86 टक्के, प्लेयर 44.62 टक्के डाव जिंकतो आणि 9.52 टक्के बरोबरी होते. कॅसिनो बँकरच्या विजयातून 5 टक्के कापून घेतो. मग शंभर रुपयांमागे सरासरी तोटा बँकरवर 1.06 रुपये, प्लेयरवर 1.24 रुपये. बरोबरीवर एकास आठ देतात, तिथे तोटा 14 रुपयांहून जास्त.

भाच्याने तिथे लोकांना मागच्या डावांत कोण जिंकलं याचे लाल-निळ्या ठिपक्यांचे तक्ते भरताना पाहिलं होतं. पण पेटीतली पानं पिसून झाली की त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि कुठलं पान कुठल्या बाजूला जाणार हे नियम ठरवतो. पैसे कुणी कशावर लावले, यावरून त्या क्रमातलं एकही पान हलत नाही.